'धोका ३६ टक्क्यांनी कमी' म्हणजे नक्की किती? बाबांच्या हातातलं पत्रक

मृद्गंध
नमस्कार मंडळी. बाबा परवा डॉक्टरांकडे बी.पी. दाखवायला गेले होते. बाहेर बाकावर नंबर येईपर्यंत तिथलं एक गुळगुळीत पत्रक चाळत बसले आणि ते घरीच घेऊन आले. वर मोठं लाल हृदय, खाली ठळक अक्षरांत 'हार्ट अटॅकचा धोका ३६%* ने कमी', त्याखाली 'आयुष्य वाढवा'. शेजारी दोन उभे पट्टे, एक उंच करडा आणि एक बुटका हिरवा. गोळी अटोर्वास्टॅटिन १० मि.ग्रॅ., कंपनीचं नाव इथे देत नाही.

बाबा ६३ वर्षांचे. बी.पी.ची गोळी गेली ९ वर्षं चालू आहे. सिगारेट चार वर्षांपूर्वी सोडली. अटॅक वगैरे कधी आलेला नाही. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी 'सुरू करू या का, विचार करून सांगा' असं म्हटलंय, आणि बाबांनी पत्रक बघून हिशेब मांडलाय की 'शंभरातल्या ३६ जणांचा अटॅक टळतो, मग विचार कसला करायचा?' हा हिशेब मला पटत नाहीये, पण चूक नेमकी कुठे आहे तेही सांगता येत नाहीये. कुणी समजावेल का?

पाटीलबुवा_सातारा
ताई, हीच गोळी जनऔषधी केंद्रात कितीतरी स्वस्त मिळते. कंपनीच्या नावावर जाऊ नका, औषध तेच असतं. आमच्याकडे आई-दादा दोघांचं तिथूनच आणतो.

मृद्गंध
पाटीलबुवा, धन्यवाद, पण प्रश्न किमतीचा नाही. ३६ टक्के म्हणजे काय, एवढंच विचारायचंय.

आकडेमोड
मी औषधचाचण्यांच्या आकडेवारीचं काम करते, पुण्यात, बरीच वर्षं. ३६ च्या डोक्यावर तारा आहे ना? पत्रकाच्या तळाशी त्या ताऱ्याची बारीक ओळ असेल. ती इथे उतरवून द्या. आणि एक काम करा, पट्टी घेऊन ते दोन पट्टे मोजा. डावीकडच्या रेघेवर सगळ्यात खाली कोणता आकडा छापलाय तेही बघा.

मृद्गंध
बाबांचा चष्मा आणि मोबाइलचा उजेड, दोन्ही लागलं! बारीक ओळ अशी: 'अॅस्कॉट-एलएलए, लॅन्सेट २००३. प्राणघातक नसलेला हार्ट अटॅक व हृदयधमनीविकाराने मृत्यू. औषधगट १.९%, प्लासिबो गट ३.०%.'

करडा पट्टा ६ सें.मी., हिरवा १.६ सें.मी. डावीकडे सगळ्यात खाली १.५ लिहिलंय.

आकडेमोड
छान, सगळं याच्यातच आहे.

आधी पट्टे घेऊ. ३.० आणि १.९ हे आकडे शून्यापासून काढले असते तर करडा ६ सें.मी. असताना हिरवा ३.८ सें.मी. आला असता. रेघ १.५ पासून सुरू केली की दोन्ही पट्ट्यांचा खालचा भाग कापला जातो आणि उरलेल्या शेंड्यांची तुलना दिसते. म्हणून हिरवा पाव उंचीचा झाला. आकडा एकही खोटा नाही, पण डोळ्याला ७३ टक्के घट दिसते, शब्दांत ३६ टक्के आहे आणि बारीक ओळीत १.१.

आता ३६. अॅस्कॉटच्या या भागात १०,३०५ माणसं होती, वय ४० ते ७९, ब्रिटन, आयर्लंड आणि उत्तर युरोपातली. सगळ्यांना बी.पी., शिवाय धोक्याच्या आणखी किमान तीन गोष्टी, पण कोलेस्टेरॉल फार वाढलेलं नाही. साधारण निम्म्यांना ही गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी दिली. सरासरी ३.३ वर्षं लक्ष ठेवलं. औषध नसलेल्या ५,१३७ जणांत १५४ घटना झाल्या, औषध घेणाऱ्या ५,१६८ जणांत १००.

हे हजाराच्या गावावर बसवून बघा. गावात कुणीच गोळी घेतली नाही तर ३.३ वर्षांत ३० जणांना त्रास होतो. सगळ्यांनी घेतली तर १९ जणांना. म्हणजे ११ जणांचं टळतं. १९ जणांना गोळी घेऊनही होतोच. आणि ९७० जणांना गोळी न घेताही काही झालं नसतं. ते ३६ टक्के आहेत त्या ३० मधले, हजारातले नव्हेत. बाबांची चूक एवढीच की ३६ कशातले, हे पत्रकाने सांगितलं नाही आणि त्यांनी ते शंभर माणसांतले धरले.

रांगडा_गडी
म्हणजे शंभरात एक! आणि त्या एकासाठी ९९ जणांनी रोज गोळी गिळायची? फसवणूक आहे सगळी. मृद्गंध, बाबांना सांगा पत्रक रद्दीत टाका, रोज तासभर चाला. सगळ्यांच्याच गोळ्या बंद करायला हव्यात.

सुहास_एडिसन
न्यू जर्सीत राहतो. इथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची जाहिरात टीव्हीवर सर्रास चालते, आणि हेच ३६ टक्के आम्ही वर्षानुवर्षं पाहिलेत. फायझरच्या लिपिटॉरची जाहिरात, म्हणजे हेच अटोर्वास्टॅटिन. छापील जाहिरातीत खाली बारीक ओळ असायची की मोठ्या अभ्यासात साखरेच्या गोळीवरच्या ३ टक्के लोकांना हार्ट अटॅक आला आणि लिपिटॉरवरच्या २ टक्के लोकांना. म्हणजे खरं ते छापलेलं होतं, फक्त वाचायला भिंग हवं.

टीव्हीवर डॉ. रॉबर्ट जार्विक यायचे, कृत्रिम हृदयाशी नाव जोडलेले. एका जाहिरातीत ते तळ्यात होडी वल्हवताना दिसायचे. पुढे कळलं की वल्हवणारा माणूस दुसराच होता, आणि जार्विक यांच्याकडे रुग्ण तपासायचा परवानाही नव्हता. अमेरिकी काँग्रेसच्या समितीने चौकशी सुरू केल्यावर फेब्रुवारी २००८ मध्ये कंपनीने त्या जाहिराती थांबवल्या. माझ्या सासऱ्यांनी मात्र 'हृदय बनवणारा डॉक्टर स्वतः घेतो' एवढ्याच आधारावर ती गोळी मागून घेतली होती.

कोकणची_माय
हे वाचून माझी झोप उडाली. यांना २०१९ मध्ये अटॅक आला, एक स्टेंट आहे. तेव्हापासून रात्रीची हीच गोळी चालू आहे, मात्र जास्त ताकदीची. पाय दुखतात म्हणून आधीच कुरकुर असते. आज मी हा धागा मोठ्याने वाचून दाखवला, तर म्हणतात, 'शंभरात एकाला उपयोग, मग मी आजपासून बंद करतो.' आता काय सांगू?

आकडेमोड
कोकणची माय, त्यांना सांगा की आजची गोळी आज घ्यायची आहे. पायदुखीचं डॉक्टरांशी बोला. डोस किंवा गोळी बदलता येते, पण स्वतःहून बंद करायची नाही. वरचा हिशेब त्यांचा नाहीच.

रांगडा गडी, तुम्ही 'शंभरात एक' म्हणालात ते बरोबर, पण 'सगळ्यांच्या बंद करा' इथे घसरलात. १९९४ ची एक चाचणी आहे, फोर-एस या नावाने ओळखली जाते. उत्तर युरोपातले ४,४४४ रुग्ण, सगळ्यांना आधी हार्ट अटॅक येऊन गेलेला किंवा हृदयाचं दुखणं ठरलेलं. गोळी सिम्वास्टॅटिन, याच घराण्यातली. साधारण ५.४ वर्षांत औषध नसलेल्या गटात २५६ माणसं दगावली, औषधाच्या गटात १८२. दोन्ही गट जवळजवळ २,२२० चे.

जाहिरातीच्या भाषेत इथे मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी झाला. ३६ च्या शेजारी ३० ठेवलं तर हे औषध कमी गुणाचं वाटेल. पण हजाराच्या गावात मोजा. इथे ११५ मृत्यूंचे ८२ झाले, म्हणजे ३३ जीव वाचले. तिथे ११ घटना टळल्या होत्या, त्याही सगळ्या मृत्यूच्या नव्हेत. वर्षं थोडी वेगळी आहेत, तरी फरक लपत नाही. टक्का छोटा आणि फायदा मोठा, कारण या लोकांचा मुळातला धोका मोठा होता. कोकणची माय, तुमचे अहो या गावातले आहेत. मृद्गंधचे बाबा पहिल्या गावातले.

धोक्याचा तिसरा हिस्सा कमी करण्याचा गोळीचा गुण साधारण सगळीकडे तसाच राहतो. कशाचा तिसरा हिस्सा, हे त्या माणसावर ठरतं. आणि पत्रकाला समोरचा माणूस ठाऊक नसतो.

रांगडा_गडी
बरं, 'सगळ्यांच्या' हा शब्द मागे घेतो. माय, तुमच्या यजमानांना माझ्यामुळे काही होऊ नये. पण बाबांच्या बाबतीत मी ठाम आहे.

निवृत्त_एमआर
औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून ३१ वर्षं बॅग उचलली, आता घरी आहे. असली पत्रकं मी हजारोंनी वाटलीत, म्हणून बोलतो. डॉक्टरांसमोर उघडायचं असतं त्याला आम्ही व्हिज्युअल एड म्हणायचो. ट्रेनिंगमध्ये शिकवलं जायचं की बोट कुठे ठेवायचं. ३६ वर बोट, मग पट्ट्यावर बोट, आणि पान उलटायचं. डॉक्टर दोन मिनिटं देणार, त्यात तळाची ओळ कुणी वाचत नाही. खोटं बोल असं मला कुणी कधी सांगितलं नाही. कुठला खरा आकडा मोठा करायचा एवढंच शिकवलं.

ताई, पत्रकाच्या मागच्या बाजूला दुष्परिणाम कसे लिहिलेत ते बघा. माझा अनुभव असा की फायदा एका मापाने लिहितात आणि त्रास दुसऱ्या मापाने.

मृद्गंध
काका, अगदी तसंच आहे! मागे लिहिलंय: 'अत्यंत सुरक्षित. यकृताच्या तपासणीत बदल १% हून कमी रुग्णांत.'

निवृत्त_एमआर
बघा. फायदा ३६ टक्के आणि त्रास १ टक्क्याहून कमी, असं शेजारी ठेवलं की तराजू जमिनीला टेकतो. पण १ टक्का हा शंभर माणसांतला आहे आणि ३६ हा त्या तिघांतला. फायदाही शंभर माणसांतच लिहा, मग होतं १.१ विरुद्ध १ हून कमी. मी असं म्हणत नाही की दोन्ही सारखेच. तपासणीतला बदल औषध थांबवलं की बहुधा पूर्ववत होतो, हार्ट अटॅकचं नुकसान तसं भरून येत नाही. पण तुलना एकाच मापाने व्हायला हवी होती. मला हे उमगलं तेव्हा माझ्या नोकरीची २० वर्षं होऊन गेली होती, आणि त्याचं अजूनही वाईट वाटतं.

सुहास_एडिसन
'आयुष्य वाढवा' या ओळीचं काय? तेही त्या चाचणीतून निघतं का?

आकडेमोड
नाही, आणि माझ्या दृष्टीने पत्रकातली सगळ्यात आक्षेपार्ह ओळ तीच आहे. ३६ टक्के निदान चाचणीतून आलेत. कुठल्याही कारणाने झालेले सगळे मृत्यू मोजले तेव्हा औषध नसलेल्या गटात २१२ होते आणि औषधाच्या गटात १८५. कमी आहेत, पण हा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो इतकाच आहे. तेव्हा या चाचणीवर बोट ठेवून आयुष्य वाढतं असं म्हणता येत नाही. 'वाढत नाही' असंही सिद्ध झालेलं नाही, हेही लक्षात ठेवा. तारा ३६ वर होता, 'आयुष्य वाढवा'वर नव्हता, बरोबर ना? पत्रकात तारा नसलेली वाक्यं आधी तपासावीत.

उलट, एक चांगली गोष्ट पत्रकाने सांगितलीच नाही. त्याच चाचणीत पक्षाघातही कमी झाले, १२१ चे ८९. तो फायदा बाबांच्या हिशेबात धरायला हवा. रांगडा गडी, तुमच्या 'शंभरात एक'मध्ये तो आलेला नाही.

रांगडा_गडी
हे मला माहीत नव्हतं. पण ताई, मग एवढं कशाला मोजायचं? गोळीने कोलेस्टेरॉल खाली येतं हे रिपोर्टमध्ये दिसतंच की. आमच्या मित्राचं महिनाभरात धाडकन उतरलं. आकडा उतरला म्हणजे धोका उतरला, इतकं साधं आहे.

आकडेमोड
असं सगळ्यांना वाटतं, फायझरलाही वाटलं होतं. टॉरसेट्रापिब नावाचं त्यांचं औषध होतं. वाईट कोलेस्टेरॉल सुमारे २५ टक्क्यांनी कमी करायचं आणि चांगलं तब्बल ७२ टक्क्यांनी वाढवायचं. रिपोर्ट बघितला तर पेढे वाटावेत असा. १५,००० हून अधिक लोकांवर चाचणी सुरू झाली. दोन्ही गटांना अटोर्वास्टॅटिन चालूच होतं, एका गटाला वर हे नवं औषध. डिसेंबर २००६ मध्ये चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण नव्या औषधाच्या गटात मृत्यू जास्त होते. अखेरच्या मोजणीत ९३ विरुद्ध ५९. ते औषध बी.पी. वाढवत होतं आणि शरीरातल्या क्षारांच्या संतुलनातही ढवळाढवळ करत होतं. कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टमध्ये यातलं काहीच दिसत नव्हतं.

स्टॅटिन घराण्यातल्या या गोळ्यांच्या बाबतीत आकडाही उतरतो आणि अटॅकही कमी होतात, पण आपण ते वेगळं मोजलं म्हणून ठाऊक आहे. पत्रकात नुसतंच 'कोलेस्टेरॉल अमुक टक्के कमी', 'साखर अमुक टक्के कमी', 'हाडांची घनता वाढते' असं दिसलं तर पुढचा प्रश्न विचारायचा: अटॅक किती कमी झाले, साखरेमुळे कापावे लागणारे पाय किती वाचले, हाडं किती कमी मोडली?

पाटीलबुवा_सातारा
आता मला प्रश्न कळला, आधी घाईत वाचला. आमच्या बाजाराच्या दिवशी एक गाडी येते, 'शुगर मुळापासून, महिन्यात गोळी बंद' असा भोंगा लावून चूर्ण विकतात. त्यावर तर तळाची ओळही नसते. त्याचा हिशेब कसा करायचा?

आकडेमोड
पाटीलबुवा, तिथे हिशेबाला आकडाच नाही. आणि ती जाहिरात कायद्यातच बसत नाही. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. त्याच्या यादीत मधुमेह, हृदयविकार, लठ्ठपणा, उंची वाढवणं असे बरेच विकार आहेत. त्यांच्यावर इलाज असल्याची जाहिरात सामान्य लोकांपुढे करायलाच मनाई आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्ह्याच्या कार्यालयात करता येते. भोंग्याचं रेकॉर्डिंग आणि पुडीचा फोटो जोडा. चूर्णाच्या नादाने कुणी इन्सुलिन थांबवलं असेल तर मात्र तक्रारीची वाट न बघता त्या माणसाला आधी डॉक्टरकडे न्या.

सुहास_एडिसन
एक शंका. ही अॅस्कॉट चाचणी पाच वर्षांची ठरली होती आणि ३.३ वर्षांतच थांबवली असं मी वाचलंय. मग फायदा फुगलेला नसेल का? आकडे सगळ्यात छान दिसत असताना खेळ थांबवल्यासारखं.

आकडेमोड
शंका रास्त आहे. फायदा दिसला म्हणून लवकर थांबवलेल्या चाचण्यांत तो प्रत्यक्षाहून थोडा मोठा दिसण्याचा संभव असतो. दुसऱ्या बाजूने असंही म्हणता येतं की गोळी १०-१५ वर्षं घेतली तर टळणाऱ्या घटनांची बेरीज वाढत जाईल, आणि ३.३ वर्षांत ते दिसणारच नाही. आमच्या कामाच्या ठिकाणी यावर दोन तट आहेत. मी पहिल्याकडे थोडी झुकते, पण पैज लावणार नाही.

मृद्गंध
काल बाबांना घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आले. पत्रकही नेलं. 'टक्के राहू द्या, बाबांसारख्या शंभर जणांत दहा वर्षांत किती जणांना अटॅक किंवा पक्षाघात होईल आणि गोळी घेतली तर किती जणांना', असं सरळ विचारलं. ते आधी थोडे चपापले, पण मग त्यांनी वय, बी.पी., कोलेस्टेरॉल, साखर सगळं भरून तक्ता काढला. बाबांचं उत्तर आलं, शंभरात साधारण १५. गोळी घेतली तर १० ते ११. तक्ते आपल्या लोकांवर तंतोतंत बसतात असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. बाबांनी विचारलं, 'त्या चार-पाचांत मी आहे की नाही, ते कसं कळणार?' डॉक्टर म्हणाले, 'ते मलाही कधीच कळणार नाही, काका.'

घरी येताना बाबा रिक्षात गप्प होते. मग म्हणाले, ३६ पेक्षा हे कमी आहे, पण हे माझं आहे. तीन महिने घेऊन बघतो म्हणालेत, तोवर सकाळचं चालणंही वाढवणार. आई म्हणते नको, आधीच दोन गोळ्या आहेत. घरात एकमत झालेलं नाही.

रांगडा_गडी
पंधरा? मी तीनच धरून बसलो होतो. मग माझा 'ठाम' थोडा सैल करतो. पण आईंच्या बाजूनेच आहे.

निवृत्त_एमआर
ताई, ते पत्रक फेकू नका. शक्य असेल तर पट्ट्यांचा फोटो इथे टाका. माझी नात बारावीला आहे, तिला रेघ १.५ पासून सुरू केलेली दाखवायचीय.

कोकणची_माय
यांनी काल रात्री गोळी घेतली. सोमवारी पायदुखीसाठी वेळ घेतली आहे. जाताना विचारायचे प्रश्न यांनी स्वतःच वहीत लिहून ठेवलेत, पहिलाच प्रश्न आहे 'माझ्यासारख्या शंभरात किती?'